मिठाच्या वखारीतला तांदूळ

पोलीस खात्यात बत्तीस वर्षं काढल्यावर बरीचशी प्रकरणं डोक्यात एकमेकांत मिसळून जातात. कुठल्या चोरीतला आरोपी कुठल्या मारामारीत होता, हे कधीकधी आठवत नाही. कशेळीच्या खाडीकाठची ती घटना मात्र कशातच मिसळलेली नाही. त्या भिंतीची ऊब अजून तळहाताला जाणवते.

मध्यंतरी आमच्या गावच्या शाळेतल्या बाईंनी मला मूल्यशिक्षणाच्या तासाला बोलावलं होतं. हावरट व्यापाऱ्याची गोष्ट शिकवायची होती, पण पुस्तकातल्या गोष्टीवर मुलं हसतात, अशी त्यांची तक्रार होती. खरी एखादी असेल तर सांगा म्हणाल्या. मी ही सांगितली. मुलं हसली नाहीत. तीच इथे जरा सविस्तर लिहितो. नाव कुणाचंही घेत नाही. त्यातले बरेच जण आता हयात नाहीत आणि त्यांचे नातेवाईक भिवंडीतच आहेत.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. मी भिवंडीला फौजदार होतो. राज्यात दुष्काळ होता. आमच्याकडे पाऊस बरा झाला तरी धान्य बाजारात दिसत नव्हतं. तांदळावर लेव्ही होती, म्हणजे ठरावीक वाटा सरकारला द्यावाच लागे. व्यापाऱ्याला परवान्यात ठरवून दिला असेल तेवढाच साठा ठेवता येई आणि तो दुकानाबाहेरच्या फलकावर रोज लिहावा लागे. फलक सगळेच लिहीत, आणि फलकावरचा आकडा कुणाच्याच दुकानात खरा नसे. रेशनच्या रांगेत भांडणं होत आणि ती सोडवायला आमचे शिपाई जात. ठाण्यातलं निम्मं मनुष्यबळ त्यातच खर्ची पडायचं.

श्रावणातल्या एका सकाळी हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी वाचत होतो. दारात एक बाई उभी होती. खाडीकाठच्या आदिवासी पाड्यावरची, तिशीची असेल. आत ये म्हटलं तरी उंबऱ्यापाशीच थांबली.

"सायेब, माझा दादला सहा दीस घरी न्हाय आला," ती म्हणाली.

चौकशी केली तेव्हा कळलं, ती आदल्या दिवशीही येऊन गेली होती. ड्युटीवरच्या शिपायाने तिला, पिऊन पडला असेल, येईल, असं सांगून परत पाठवलं होतं. डायरीत नोंद नव्हती. त्या शिपायाला मी पुढे समज दिली, पण तो एकटाच तसा वागत होता असं नाही. बाई गरीब असली की तक्रार ऐकण्याआधीच उत्तर तयार असायचं. मीही अशी उत्तरं दिलेली आहेत.

तिचा नवरा भिवंडीच्या बाजारपेठेतल्या एका धान्याच्या शेठकडे राखणदार होता. कशेळीला खाडीच्या बाजूला शेठची वखार होती, तिथे तो असायचा. सहा दिवसांपूर्वी भाकरी घेऊन गेला तो परतला नाही. ती वखारीवर गेली तर दाराला बाहेरून कुलूप. शेठच्या दुकानात गेली तर शेठ म्हणाला, तो काम सोडून गेला. एवढं सांगून ती थांबली. अजून काहीतरी सांगायचं आहे हे मला दिसत होतं. अशा वेळी विचारू नये, गप्प बसावं, हे मी तोवर शिकलो होतो.

"ती वखार श्वास घेते," ती म्हणाली. "मी भिंतीला हात लावला. ताप आलेल्या माणसावानी लागते. आन् आत कोन तरी बोलतंय. हळू. काय बोलतंय ते समजत न्हाय."

मी बेपत्ता व्यक्तीची नोंद करून घेतली. माणूस आत कोंडलेला असण्याची शक्यता होती, म्हणून थांबलो नाही. आमचे एक जुने हवालदार, दोन शिपाई आणि ती बाई, असे जीपने निघालो. हवालदार वाडा तालुक्यातल्या शेतकरी घरातले. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. बोलायचे कमी, पण माझ्या निम्म्या चुका त्यांनीच टाळलेल्या आहेत.

वखार रस्त्यापासून आत, खाडीच्या कडेला होती. पूर्वी तिथे मीठ साठवत. दगडी जोतं, विटांच्या जाड भिंती, वर पत्रे, आणि उंचावर दोन्ही बाजूंना छोट्या खिडक्या. त्या सगळ्या बंद होत्या. सकाळचे दहा वाजले असतील. बारीक पाऊस पडत होता, हवा गार होती, आणि पत्र्यांच्या आढ्याजवळच्या फटींतून वाफ निघत होती. चूल पेटवलेल्या घरासारखी, पण तिला धुराचा वास नव्हता. आंबूस, जड वास होता. पुढच्या ओट्यावर ताडपत्रीखाली पोती रचलेली होती, नवी कोरी, वळचणीला टेकतील एवढी.

हवालदार माझ्याजवळ येऊन म्हणाले, "साहेब, एकपण चिमणी न्हाय."

खरंच नव्हती. धान्याच्या गोदामाबाहेर चिमण्यांचा नुसता गलका असतो. इथे काहीच नव्हतं. पावसात भिजणारी दोन कुत्री लांब बाभळीखाली उभी होती, कोरड्या ओट्याकडे येत नव्हती.

मी भिंतीवर हात ठेवला. बाई म्हणाली होती तसंच होतं. भिंत ओली होती आणि गरम होती. मग कान लावला.

आत कुजबुज चालली होती. एका माणसाची नाही, बऱ्याच माणसांची वाटावी अशी, एका सुरातली, न थांबणारी. मी त्या राखणदाराला नावाने मोठ्यांदा हाक मारली. दोनदा, तीनदा. कुजबुज वाढली नाही, कमीही झाली नाही. हाक मारल्यावर माणूस निदान क्षणभर थांबतो. आतलं जे होतं ते थांबलं नाही. आयुष्यात मी हत्यारबंद माणसांसमोर उभा राहिलेलो आहे, पण त्या भिंतीपासून जसा मागे सरलो तसा कुणासमोरून सरलो नाही.

जवळच्या चहाच्या टपरीवरून दोन पंच आणले आणि त्यांच्यासमोर कुलूप तोडलं. दार उघडलं तसा गरम, आंबलेला, कुजका झोत तोंडावर आला. समोर हातभर अंतरावर पोत्यांची भिंत, खालपासून पत्र्यांपर्यंत. उजव्या बाजूला एक फट होती. माणूस आडवा होऊन जाईल एवढीच. आत काळोख. एक शिपाई कंदील घेऊन पुढे झाला आणि फटीत वाकला. कंदील त्याच्या गुडघ्यापर्यंत खाली गेला, ज्योत बारीक झाली, निळी झाली आणि विझली. वारा अजिबात नव्हता. त्याने बाहेर येऊन पुन्हा पेटवला, पुन्हा आत धरला. पुन्हा विझला. कुणी चिमटीत धरून विझवावा तसा.

शिपाई तरीही आत शिरू लागला. हवालदारांनी त्याचा पट्टा धरून त्याला मागे ओढलं.

"पेवात असंच व्हतंय," ते मला म्हणाले. "माझा चुलता पेवात गेला तो वर न्हाय आला. दिवा टिकत न्हाय तिथं मानूस टिकत न्हाय, साहेब. आधी हवा खेळू द्या."

पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं तळघर. ते उघडलं की आधी दिवा सोडून बघायचा आणि मगच माणूस उतरवायचा, हे त्यांच्या पिढीला माहीत होतं. मला नव्हतं. त्यांनी हात धरला नसता तर त्या दिवशी आमचा एक शिपाई गेला असता, आणि त्याच्यामागे त्याला काढायला कदाचित मीही गेलो असतो.

आम्ही शिड्या आणून खिडक्या फोडल्या. आतून खिडक्यांना पोती लावलेली होती. दोन-तीन पत्रे काढले. आसपासच्या गोदामांतले हमाल बोलावले आणि दारापासून पोती काढायला लावली. पोतं उचललं की तळ फाटे आणि काळपट, गोळे झालेला तांदूळ बाहेर पडे. त्यातून वाफ येई. खालच्या थरात हात घालवत नव्हता इतका तो गरम होता. दीड-दोन तासांनी कंदील आत टिकायला लागला.

राखणदार दारापासून आठ पावलांवर होता. पोत्यांना पाठ टेकून बसलेला, मान एका बाजूला. शेजारी कंदील. त्याची वात पूर्ण वर काढलेली होती. ज्योत मंद होतेय म्हणून त्याने ती वर केली असणार. हातात पोत्यातून नमुना काढायची लोखंडी नळी होती.

सहा दिवसांत चेहरा बदलला होता; बाईने गळ्यातल्या दोऱ्यावरून ओळख पटवली. ती रडली नाही. त्याच्या डोक्यावरचे तांदळाचे दाणे तिने एकेक करून काढले आणि बाजूला ठेवले. आम्ही पंचनामा करत होतो तेवढा वेळ ती तेच करत होती.

प्रेत बाहेर नेल्यावर हमालांना मी पुन्हा कामाला लावलं. थोड्या वेळाने ते सगळे बाहेर येऊन उभे राहिले. त्यांचा मुकादम म्हणाला, "साहब, अंदर और कोई है।"

आम्ही आत जाऊन ऐकलं. कुजबुज चालूच होती. पोत्यांच्या मागून, खालून, सगळीकडून. आत दुसरं कुणी असणं शक्य नव्हतं. दुसरी फटच नव्हती. हमालांनी त्या दिवशी पुन्हा पोत्याला हात लावला नाही आणि मीही त्यांना जबरदस्ती केली नाही. दारावर पहारा ठेवून आम्ही परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठला ठाण्यात बोलावलं. पन्नाशीचा, शिडशिडीत, पांढरंशुभ्र धोतर नेसलेला माणूस. गावात त्याच्याबद्दल वाईट बोलणारं कुणी नव्हतं. दारू नाही, जुगार नाही, आवाज चढवून बोलणं नाही. घरी दोघंच, तो आणि त्याची बायको. मूलबाळ नव्हतं. वीस वर्षांपूर्वी अंबाडीच्या नाक्यावर हातगाडीवर तांदूळ विकत होता, तिथून पेठेतल्या दुकानापर्यंत आला होता.

त्याने सगळं शांतपणे नाकारलं. वखार माझी नाही. राखणदार माझ्याकडे होता, पण काम सोडून गेला. कुठे गेला, काय करत होता, मला माहीत नाही. कागदोपत्री त्याचं खरं होतं. वखारीचं भाडं त्याच्या एका मेलेल्या नातेवाइकाच्या नावावर होतं आणि ते भरायला राखणदारच जायचा. भाडं घेणाऱ्याला आम्ही विचारलं होतं, पण त्याने शेठला कधी पाहिलं नव्हतं. पोती कुणाची हे पोत्यांवर लिहिलेलं नव्हतं.

चौकशीत मी माणसाच्या उत्तरांपेक्षा तो काय विचारत नाही याकडे लक्ष देत असे. निरपराध माणूस शंभर प्रश्न विचारतो. मला का आणलं, कधी सोडणार, घरी निरोप कोण देणार. शेठने एकही प्रश्न विचारला नाही. तो राखणदार कसा मेला, हेसुद्धा नाही. आणि त्याच्या स्वच्छ धुतलेल्या कपड्यांना तोच आंबूस वास होता. अगदी पुसट, पण होता. मी त्याच्यावर हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. दुपारी बाराच्या सुमाराला म्हटलं, चला, जागा दाखवतो.

वखारीच्या दारापाशी गेल्यावर तो थांबला. पत्रे काढल्यामुळे आत उजेड होता. राखणदार जिथे सापडला तिथे आम्ही चुन्याची खूण केली होती. शेठ त्या खुणेकडे बघत राहिला. आत कुजबुज चालू होती. त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा शांतपणा हळूहळू उतरत गेला. त्याने माझ्याकडे वळून बघितलं.

"साहेब, त्याला बाहेर काढलं ना तुम्ही?" त्याने विचारलं.

"काढलं," मी म्हणालो.

"मग बोलतंय कोण?"

तो मागे सरून ओट्यावर पोत्याला टेकून बसला. नंतर त्यानेच सांगितलं, सहा दिवस, रोज दुपारी, दुकान जेवणासाठी बंद झालं की तो त्या दारापर्यंत यायचा आणि कान लावून उभा राहायचा. आतला आवाज त्या राखणदाराचा आहे असं तो समजत होता. आपलं नाव घेतोय असं त्याला वाटायचं. तरी त्याने कुलूप काढलं नाही.

मग तो बोलायला लागला आणि तासभर थांबला नाही. मी मध्ये फारसे प्रश्न घातले नाहीत. त्याने जे सांगितलं ते मी शाळेत मुलांना बोटांवर मोजून सांगितलं, कारण या प्रकरणाचं सगळं मर्म त्यातच आहे.

त्याने वखार घेतली तेव्हा धान्य ठेवायची रीत पाळली होती. जमिनीवर लाकडी फळ्या, त्यावर पोती, भिंतीपासून दोन हात जागा मोकळी, मधून माणूस जाईल अशी वाट, खिडक्या उघड्या. वखार मिठाची असल्यामुळे विटांत वर्षानुवर्षांचं मीठ मुरलेलं होतं. मीठ हवेतला ओलावा ओढतं. म्हणून भिंती पावसाळ्यात घामेजायच्या. हे त्याला माहीत होतं. म्हणूनच त्याने भिंतीपासून अंतर ठेवलं होतं. भाव चढल्यावर होळीनंतर विकायचं, असं त्याने ठरवलं होतं.

होळीनंतर भाव चढला. त्याने विकलं नाही. पुढच्या महिन्यात आणखी चढेल असं वाटलं. उलट आणखी माल घेतला आणि तो ठेवायला मधली वाट भरून टाकली. वाट म्हणजे नुसती वाया जाणारी जागा, असं त्याला वाटलं. पुढच्या खेपेला भिंतीजवळची मोकळी जागा भरली. त्याच्या पुढच्या खेपेला ओळ आणखी एका पोत्याने उंच व्हावी म्हणून मागच्या अंगाच्या खालच्या फळ्या काढल्या आणि पोती थेट जमिनीवर टेकवली. पावसाळा तोंडावर आल्यावर वरचे थर खिडक्यांना लागले. खिडकीतून कुणाला पोती दिसू नयेत म्हणून त्याने त्या बंद करून आतून पोत्यांनी बुजवल्या.

आषाढातल्या उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी जोत्याखाली आलं आणि मागच्या बाजूने आत पाझरलं. खालच्या थरातला तांदूळ भिजला, फुगला. ओल्या धान्याला बुरशी धरते, ते तापायला लागतं, आणि तापताना आतली चांगली हवा खाऊन वाईट हवा सोडतं. ती हवा जड असते, खाली साचते. खिडक्या उघड्या असत्या तर ती निघून गेली असती. वाट मोकळी असती तर ओली पोती वेळीच दिसली असती. भिंतीजवळ जागा आणि खाली फळ्या असत्या तर ओल पोत्यांपर्यंत आलीच नसती. त्याने एकेक करून काढलेली प्रत्येक गोष्ट कशासाठी तरी होती.

राखणदाराने त्याला तीनदा सांगितलं होतं. माल तापलाय शेठ, बाहेर काढा, अर्धा तरी विका. शेठने प्रत्येक वेळी आठ दिवसांची मुदत मागितली. राखणदाराकडे मुदत मागायची काही गरज नव्हती, पण तो मागायचा, असं त्यानेच सांगितलं. शेवटच्या दिवशी माल कितपत बिघडलाय ते बघून ये म्हणून त्यानेच राखणदाराला नळी आणि कंदील देऊन फटीतून आत पाठवलं. कंदिलाचा उजेड आत जाताना दिसला. मग मंद झाला. मग दिसेनासा झाला. शेठने दोन हाका मारल्या. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि मग काही नाही.

शेजारच्या गोदामात वीस हमाल काम करत होते. हाकेच्या अंतरावर.

"हाक मारली असती तर ते सगळे आत आले असते," तो म्हणाला. "आणि त्यांनी माल बघितला असता."

त्याने दार ओढून घेतलं आणि कुलूप लावलं.

मला वाटलं, त्याचं सांगणं संपलं. मग तो ज्या पोत्यांना टेकून बसला होता त्यांच्याबद्दल मी विचारलं. ही कोरी पोती ओट्यावर कधी आली?

त्याने ताडपत्रीची कड सारखी केली. राखणदार आत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली होती, असं तो म्हणाला. आधी सांगून ठेवलेला माल नव्हता. राखणदार आत असताना, कुजबुज ऐकून आल्यावर, पेठेत एकाला नड होती आणि तो स्वस्तात विकत होता, म्हणून याने घेतली. आत जागा नव्हती म्हणून ओट्यावर रचायला लावली.

मी विचारलं, "शेठ, किती झाल्यावर तुम्ही थांबणार होतात?"

"वखार भरली की."

"वखार तर भरली होती."

"हो," तो म्हणाला. "मग ओटा रिकामा दिसायला लागला."

हे तो चेष्टेने किंवा उर्मटपणे म्हणाला नाही. त्याने खरंच विचार करून उत्तर दिलं होतं, आणि ते ऐकून त्याचं त्यालाच नवल वाटल्यासारखं दिसलं.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. पण आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू मिळाली तर ती चालते. कुलपाची किल्ली त्याने घरच्या देव्हाऱ्यामागून काढून दिली. तीही पंचांसमोर. तोडलेल्या कुलपात ती बरोबर बसली. त्याच्या बायकोला काहीच माहीत नव्हतं. ती एवढंच म्हणाली की आठवडाभर हे भात पानात वाढून घेत होते आणि तसाच ठेवून उठत होते.

कुजबुजीचा उलगडा दोन दिवसांनी झाला. पुरवठा खात्याबरोबर सरकारी गोदामातले एक अनुभवी गृहस्थ आले होते. त्यांनी मधल्या थरातलं एक पोतं चाकूने उभं फाडलं. आत तांदूळ कमी आणि सोंडेकिडे जास्त होते. लाखो. तापलेल्या, दमट धान्यात ते झपाट्याने वाढतात. दाणे पोखरण्याचा, एकमेकांवरून सरकण्याचा त्यांचा आवाज एका पोत्यात ऐकू येत नाही, पण हजार पोत्यांत अगदी माणसं बोलल्यासारखा येतो, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी हे पूर्वीही ऐकलं होतं. मला कारण कळलं, पटलंही. तरी मी त्या वखारीत एकटा उभा राहिलो नाही.

वरच्या थरांतला आणि ओट्यावरचा माल जप्त होऊन रेशनवर गेला. बाकीचा गुरांनाही घालण्यासारखा नव्हता. खड्डे खणून, वर चुना टाकून पुरला. भिवंडीत ज्या आठवड्यात लोक ज्वारीत रेशनवरचा परदेशी लाल मिलो मिसळून भाकरी खात होते, त्या आठवड्यात आम्ही तीन दिवस तांदूळ पुरत होतो.

शवविच्छेदनात गुदमरून मृत्यू असं आलं. लगेच गेला की काही वेळ जिवंत होता, हे नक्की सांगता येणार नाही, असं डॉक्टरांनी लिहिलं. साठेबाजीचं कलम लागलं आणि निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याचं लागलं. शिक्षा झाली, पण फार मोठी नाही. कायद्यात जेवढी बसत होती तेवढी.

राखणदाराची बायको साक्षीला आली होती. साक्ष झाल्यावर ती कोर्टाच्या आवारात माझ्याजवळ आली. ती आता कामतघरला एका यंत्रमागाच्या कारखान्यात झाडलोट करत होती. तिला एकच विचारायचं होतं.

"सायेब, शेठच्या घरी खानारी किती मानसं?"

मी म्हणालो, "दोघं. नवरा-बायको."

तिने ते ऐकून घेतलं. "दोघंच?" एवढंच म्हणाली. मग पदर खोचून फाटकाकडे चालायला लागली.

शिक्षा भोगून सुटल्यावर शेठ एकदा मला भेटायला आला. मी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात होतो. पत्ता शोधत तो एवढ्या लांब आला होता. दुकान विकलं होतं. अंगाने फारच वाळला होता. मी बस म्हटलं, चहा मागवला. त्याने तो घेतला नाही. त्याने विचारलं, "साहेब, तो लगेच गेला होता ना?"

डॉक्टरांचा अहवाल त्याने कोर्टात ऐकला होता. मी काही वेगळं सांगू शकलो असतो. हो म्हणालो असतो तर तो कदाचित शांत झाला असता. पण मला त्या बाईचा हात आठवला, एकेक दाणा वेचणारा, आणि मी हो म्हणालो नाही. जे लिहिलंय तेच, एवढं सांगितलं. तो मान हलवून उठला. दारापाशी थांबून कान देऊन काही ऐकत असल्यासारखा उभा राहिला. मग गेला. पुन्हा कधी भेटला नाही. मी बरोबर वागलो की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही.

या प्रकरणाने मला लोभाबद्दलचा एक गैरसमज सोडायला लावला. लोभी माणूस हपापलेला दिसतो, त्याला चटकन ओळखता येतं, असं मी समजत होतो. हा माणूस हिशेबी, नेमस्त आणि सभ्य होता. त्याने एका दिवसात काहीच भयंकर केलं नाही. आधी वाट भरली, मग भिंतीजवळची जागा, मग फळ्या काढल्या, मग खिडक्या बुजवल्या. प्रत्येक वेळी त्याला तो व्यवहारी शहाणपणा वाटला, आणि प्रत्येक वेळी थांबणं आधीपेक्षा थोडं अवघड झालं. आतली हवा संपत आली तेव्हाही बाहेरून वखार तशीच दिसत होती. कुलूप लावायचा क्षण आला तेव्हा त्याला खरंतर निवड करायची होती एका माणसात आणि तांदळात. पण तोवर त्याची निवड करायची सवयच गेली होती.

त्यानंतरच्या नोकरीत मी अफरातफर करणारे, लाच खाणारे, सावकार, सगळ्या तऱ्हेचे आरोपी बघितले. किती घेतलं, कुणाकडून घेतलं, हे विचारणं कामाचा भागच असतो. पण मी प्रत्येकाला आणखी एक प्रश्न विचारत असे, जो आरोपपत्रात कुठेच जात नाही. कुठे थांबायचं ठरवलं होतं? बत्तीस वर्षांत या प्रश्नाला एकानेही आकडा सांगितलेला नाही.

मुलांनी मला विचारलं होतं, तुम्ही कुठे थांबायचं ठरवलंय? पुढच्या वेळी सांगतो, असं म्हणून मी निघालो. घरी आल्यावर बराच वेळ ओट्यावर बसून होतो. उत्तर द्यायला मी त्या शाळेत अजून गेलेलो नाही.